वेग वाढवायला किती वॅट लागतात? तुमच्या सायकलचा हवेचा रोध घरच्या घरी मोजा (आणि मग कारचाही)

माझ्या पहिल्या २०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरीत, जाताना वारा पाठीवर होता. ताशी २५ चा वेग इतका सहज मिळत होता की आपला सराव फळाला आला, असंच वाटलं. परतीला तोच वारा तोंडावर आला. मी हट्टाने काटा २५ वरच ठेवला. दोन तासांत मांड्या भरून आल्या आणि शेवटचे साठ किलोमीटर मी जवळजवळ रांगतच काढले. साडेतेरा तासांची मुदत थोडक्यात वाचली. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा कळलं, की तो वेग धरून ठेवायला मी एरवीच्या दुप्पट शक्ती खर्च करत होतो.

तो हिशेब तुम्हालाही करता यावा म्हणून हे लिहितोय. शाळेतलं भौतिकशास्त्र जेमतेम आठवत असलं तरी चालेल. इंटरनेटवर यासाठी तयार कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, पण ते तुमच्याकडे दोन आकडे मागतात, एक हवेच्या रोधाचा आणि एक टायरच्या रोधाचा, आणि तिथेच गाडी अडते, कारण ते आकडे तुमच्या शरीराचे, तुमच्या बसण्याचे आणि तुमच्या टायरचे असतात. ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतात. एका शांत सकाळी, पायांची शक्ती मोजणारं वॅटमीटर नसतानाही, ते काढता येतात.

काय काय लागेल

- चाकावर सेन्सर असलेला सायकल कॉम्प्युटर. साधा चुंबकवालाही चालतो. नुसत्या जीपीएसवर हे काम होत नाही, कारण जीपीएसचा वेग दोन-तीन सेकंद मागे रेंगाळतो.
- हँडलवर बसवलेला मोबाइल किंवा छोटा कॅमेरा. कॉम्प्युटरच्या पडद्याचं व्हिडिओ चित्रण करायचं आहे.
- वजनकाटा, मोजपट्टी, खडू, साधा तापमापक, वही.
- हवेचा दाब दाखवणारं मोबाइलमधलं ॲप (फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर), आणि अगरबत्ती. ती कशासाठी, ते पुढे येतंच.

१. आधी सूत्र समजून घ्या, पाठ करू नका

सपाट रस्त्यावर, वारा नसताना, हवेला बाजूला सारायला लागणारी शक्ती अशी:

```
P = 0.5 * rho * CdA * v^3
```

`rho` म्हणजे हवेची घनता. `CdA` म्हणजे तुमचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक. हा गुणाकार आपण ‘सीडीए’ म्हणू. तो चौरस मीटरमध्ये असतो. `v` हा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा आणि उत्तर वॅटमध्ये येतं.

घन कुठून आला, हे एकदा नीट पाहिलं की सूत्र विसरता येत नाही. माझा सीडीए ०.३७ चौरस मीटर आहे. ताशी ३० ने, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर जाताना, मी दर सेकंदाला ८.३ मीटर लांब आणि ०.३७ चौरस मीटर जाड असा हवेचा एक ओंडका ढकलतो. त्याचं वजन भरतं साधारण ३.४ किलो. एका सेकंदात साडेतीन किलो हवा! या हवेला मी माझ्या वेगाइतका वेग देतोय असं धरलं, तर तिच्यात जाणारी ऊर्जा होते ११९ ज्यूल. दर सेकंदाला ११९ ज्यूल म्हणजेच ११९ वॅट. आता वेग दुप्पट करा. दर सेकंदाला समोर येणारी हवा दुप्पट होते आणि तिच्यातल्या प्रत्येक किलोला द्यायची ऊर्जा चौपट होते. दोन चोक आठ. घन येतो तो इथून.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक याच पायरीवर होते. ताशी किलोमीटरचा आकडा ते तसाच सूत्रात टाकतात. आधी ३.६ ने भागा. तसं केलं नाही तर उत्तर तब्बल ४७ पट मोठं येतं.

आणखी एक गोष्ट. घन हा *शक्तीचा* आहे. *बल* वेगाच्या वर्गाने वाढतं आणि दर किलोमीटरला लागणारी ऊर्जाही वर्गानेच वाढते. वेग दुप्पट केला तर दम आठपट लागतो, पण तेच अंतर निम्म्या वेळात संपतं, म्हणून त्या अंतरासाठी हवेवर खर्च होणारी ऊर्जा चौपट होते. कारच्या इंधनाचा हिशेब करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

२. हवेची घनता काढा

```
rho = p / (287 * (T + 273))
```

`p` हा दाब पास्कलमध्ये आणि `T` तापमान सेल्सिअसमध्ये. माझ्या मोजणीच्या सकाळी पुण्यात २२ अंश होते आणि दाब ९४८ हेक्टोपास्कल, म्हणजे ९४८०० पास्कल. घनता आली १.१२ किलो प्रति घनमीटर.

इथला सापळा असा की हवामानाची बहुतेक ॲप दाब दाखवतात तो समुद्रसपाटीला आणून. पुण्यात बसून तुम्हाला १०१० च्या आसपास आकडा दिसतो. प्रत्यक्षात पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथला खरा दाब ९५० च्या जवळपास असतो. १०१० घेतला तर घनता सहा-सात टक्के जास्त येते आणि पुढचं सगळंच तितकं घसरतं. फोनमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर त्याचा आकडा घ्या. नसेल तर ॲपच्या आकड्यातून दर १०० मीटर उंचीला साधारण ११ हेक्टोपास्कल वजा करा. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांना एवढं पुरतं.

घनतेचा परिणाम किरकोळ समजू नका. बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याने १९७२ मध्ये तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम केला तो मेक्सिको सिटीत, ४९.४३१ किलोमीटर. ते शहर समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून उंच आहे आणि तिथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने विरळ असते. दम टिकवायला ती हवा वाईटच, पण रोध इतका कमी होतो की सौदा फायद्याचा ठरला.

३. रस्ता आणि वेळ निवडा

पाचशे मीटरचा सरळ, सपाट, एकसारखा डांबरी तुकडा हवा. ताशी ३५ वर पॅडल थांबवलं की १२ पर्यंत यायला मला सुमारे २५० मीटर लागतात. त्याआधी वेग घ्यायला जागा हवी आणि शेवटी थांबायला.

मी पहिल्यांदा गेलो ते घराजवळच्या एका नव्या, रुंद रस्त्यावर. डोळ्यांना तो अगदी सपाट दिसायचा. मोजणीत कळलं की त्याला ०.३ टक्के उतार आहे, म्हणजे पाचशे मीटरला दीड मीटर. पाऊस पडल्याशिवाय असा उतार कुणाला दिसत नाही. पण माझं आणि सायकलचं मिळून वजन ८३ किलो. एवढ्या उताराने मला मागे-पुढे ओढणारं बल होतं जवळजवळ २.४ न्यूटन, आणि माझ्या दोन्ही टायरचा मिळून रोधच मुळात ४.९ न्यूटन आहे! पुढच्या वेळी मी पाटाच्या कडेचा डांबरी रस्ता धरला. पाटाला उतार अगदी नाममात्र ठेवलेला असतो आणि कडेचा रस्ता त्याच्याबरोबर चालतो. तुमच्या भागात असा रस्ता चांगल्या स्थितीत असेल तर तोच घ्या.

वेळ सूर्योदयाच्या आसपासची. तेव्हा रहदारी नसते आणि वारा पडलेला असतो. वारा खरंच पडलाय का, ते अगरबत्ती लावून बघा. धूर सरळ वर जात असेल तर कामाला लागा. तो लगेच आडवा होत असेल तर चहा पिऊन घरी या. हेल्मेट घाला आणि मागून येणारी वाहनं बघायला कुणाला तरी सोबत न्या, कारण मोजताना आपलं लक्ष काट्यावर असतं.

४. सायकल मोकळी सोडा

आधी चाकाचा घेर मोजा. टायरवर खडूची खूण करून, सायकलवर बसून, एक पूर्ण फेरा पुढे जा आणि जमिनीवरचं अंतर मोजा. कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा भरा. तक्त्यातला घेर दोन टक्क्यांनी चुकला तर वेग दोन टक्के चुकतो आणि हवेची शक्ती सहा टक्के.

मग ताशी ३५ च्या थोडं वर जा, पॅडल थांबवा, नेहमीच्या बैठकीत अंग स्थिर ठेवा आणि सायकल १२ च्या खाली येईपर्यंत काही करू नका. ब्रेक नाही, डोकं वर-खाली नाही, आणि बघायला पुढे वाकणंही नाही. म्हणून तर व्हिडिओ. अशा सहा फेऱ्या एका दिशेने आणि सहा उलट दिशेने करा. कपडे, बॅग, पाण्याची बाटली, टायरची हवा, सगळं सर्व फेऱ्यांना सारखं ठेवा.

घरी येऊन व्हिडिओवरून दोन वेळा काढायच्या. वेग ३२ वरून २८ वर यायला किती सेकंद लागले, आणि १७ वरून १३ वर यायला किती. म्हणजे एक माप ताशी ३० च्या आसपासचं आणि एक १५ च्या आसपासचं. कॉम्प्युटरचा आकडा साधारण सेकंदाला एकदाच बदलतो, त्यामुळे एका फेरीत अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते. बारा फेऱ्या घ्यायच्या त्या यासाठीच.

५. आकडेमोड: माझ्या सकाळचे खरे आकडे

आता थोडं सावकाश वाचा, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. मीही पहिल्या वेळी चुकलो.

दोन दिशांच्या *वेळांची* सरासरी काढायची नाही. प्रत्येक फेरीसाठी वेग घटण्याचा दर काढायचा आणि त्या *दरांची* सरासरी घ्यायची. उताराच्या रस्त्यावर १७ वरून १३ वर यायला मला चढाच्या दिशेने ८.६ सेकंद लागले होते आणि उताराच्या दिशेने १५.५. वेळांची सरासरी येते १२ च्या वर. पण ताशी ४ म्हणजे सेकंदाला १.११ मीटर. १.११ ला ८.६ ने आणि १५.५ ने वेगवेगळं भागून मग सरासरी घेतली, तर येणारा दर ११.१ सेकंदांशी जुळतो, आणि खरी वेळ तीच. उतार एका दिशेने जेवढं बल वाढवतो तेवढंच दुसऱ्या दिशेने कमी करतो, आणि बल दराच्या प्रमाणात असतं, वेळेच्या नाही. वेळांची सरासरी घेतल्यामुळे माझा टायरचा रोध खऱ्यापेक्षा सहाव्या हिश्शाने कमी आला होता, आणि मी उगाच माझ्या टायरवर खूश झालो होतो.

पाटाच्या रस्त्यावर, दर सरासरीने घेऊन, माझ्या वेळा आल्या ४.९ सेकंद (३० च्या आसपास) आणि ११.१ सेकंद (१५ च्या आसपास). `a` म्हणजे वेग घटण्याचा दर आणि `F` म्हणजे रोधाचं बल. पुढचं असं:

```
a1 = 1.11 / 4.9  = 0.227      F1 = 84.5 * a1 = 19.2
a2 = 1.11 / 11.1 = 0.100      F2 = 84.5 * a2 = 8.5

k  = (F1 - F2) / (8.33^2 - 4.17^2) = 0.2055
F0 = F2 - k * 4.17^2               = 4.9
CdA = 2 * k / rho                  = 0.37
```

८४.५ कुठून आलं? वजन ८३ किलो, पण चाकं नुसती पुढे जात नाहीत, फिरतातही. थांबताना त्यांची फिरण्याची ऊर्जाही संपावी लागते. दोन्ही रिम आणि टायर-ट्यूब यांचं वजन म्हणूनच दोनदा मोजायचं. माझ्यासाठी ते दीड किलो होतं.

आता `k` आणि `F0` या दोन ओळींचा अर्थ. वेग बदलला तरी टायरचा रोध जवळपास तोच राहतो. हवेचा मात्र वर्गाने बदलतो. म्हणून दोन वेगांवरच्या बलांची वजाबाकी केली की टायरचा वाटा आपोआप कटतो आणि उरते फक्त हवा. `k` म्हणजे पहिल्या सूत्रातला `0.5 * rho * CdA` हा गुणाकार. `F0` हा टायरचा रोध, ४.९ न्यूटन. त्याला एकूण वजनाच्या बलाने (८३ गुणिले ९.८१) भागलं की ०.००६ मिळतो. कॅल्क्युलेटर ‘सीआरआर’ म्हणून जो आकडा मागतात तो हाच. साध्या टायरना साध्या डांबरावर हा आकडा रास्त आहे. तुमचा ०.००२ किंवा ०.०१५ आला तर मोजणी बिघडली असं समजा. उतार, घासणारा ब्रेक किंवा वेळांची सरासरी, यांपैकी काहीतरी नडलंय.

वाऱ्याबद्दल एक छान गोष्ट या पद्धतीत दडलेली आहे. अगदी मंद वारा असलाच, तर दोन्ही दिशांची सरासरी घेतल्यावर तो सीडीएमध्ये जवळजवळ दिसत नाही. तो सगळा `F0` मध्ये जाऊन बसतो. ताशी ७ ची झुळूकही माझा टायरचा आकडा ०.००६ वरून ०.००७ करते. म्हणजे टायर अचानक खराब दिसू लागले, तर आधी वाऱ्यावर संशय घ्या.

अचूकतेबद्दल प्रामाणिक राहू. ४.९ ऐवजी ४.७ सेकंद घेतले तर सीडीए आठ टक्क्यांच्या आसपास वाढतो. त्यामुळे ‘नवीन हेल्मेटने एक टक्का वाचला का’ हे या पद्धतीने कळणार नाही. ‘हँडलचा वरचा भाग धरणं की खाली वाकणं’ हा फरक मात्र स्पष्ट दिसतो.

६. तुमचा तक्ता तयार करा

स्प्रेडशीटमध्ये पहिल्या रकान्यात वेग भरा आणि दुसऱ्या-तिसऱ्यात ही सूत्रं टाका. ०.२०५५ आणि ४.९ च्या जागी तुमचे आकडे घाला.

```
=0.2055*(A2/3.6)^3
=4.9*(A2/3.6)
```

माझा तक्ता असा आला:

| वेग (किमी/तास) | हवा (वॅट) | टायर (वॅट) | एकूण (वॅट) |
|---|---|---|---|
| २० | ३५ | २७ | ६२ |
| २५ | ६९ | ३४ | १०३ |
| ३० | ११९ | ४१ | १६० |
| ३५ | १८९ | ४८ | २३७ |
| ४० | २८२ | ५४ | ३३६ |

ही चाकाला लागणारी शक्ती आहे. साखळीत आणि दातेरी चक्रांत तीन-चार टक्के जातात, तेवढे पायाने जास्त द्यावे लागतात.

हा तक्ता उलटाही वाचा. १०० वॅटवर मी जेमतेम २५ ने जातो. शक्ती दुप्पट, २०० वॅट केली, तर वेग ५० होत नाही. तो होतो ३३ च्या जवळपास. वर्षभर घाम गाळून पायांची ताकद दुप्पट केली, तरी वेग एक तृतीयांशच वाढणार. याउलट खाली वाकून बसलो आणि सीडीए ०.३७ वरून ०.३२ केला, तर त्याच १६० वॅटवर ३० चे ३१ च्या थोडं वर होतात, तेही आजच. मात्र अशी बैठक मान-पाठीला तासन् तास झेपली पाहिजे. वीस मिनिटांनी पुन्हा वर उठणार असाल तर तक्त्यात जुनाच सीडीए ठेवा.

घाटात हा तक्ता बाजूला ठेवा. सहा टक्के चढावर ताशी १० ने जाताना मला हवेसाठी चार-साडेचार वॅट लागतात आणि चढासाठी १३५ च्या वर. तिथे वाकून बसण्यात अर्थ नाही, उलट श्वास अडतो. सरळ बसा.

७. वाऱ्याचा हिशेब नीट करा

वारा आला की सूत्र बदलतं, आणि इथे अगदी जाणकारही घसरतात:

```
P = k * (v + w)^2 * v
```

`w` म्हणजे समोरून येणारा वारा. पाठीवरचा असेल तर तो वजा धरायचा. बल ठरतं ते हवेच्या तुलनेतल्या वेगावर, म्हणून त्याचा वर्ग. पण तुम्ही काम करता ते रस्त्यावर पुढे सरकण्याइतकं, म्हणून तिसरा गुणक रस्त्यावरचा वेग. २५ ने जाताना समोरून १५ चा वारा असेल, तर ‘४० चाच वेग की’ असं म्हणून तक्त्यातले २८२ वॅट घेऊ नका. खरा आकडा १७६ आहे. वाऱ्याशिवाय तो ६९ होता. टायरचे ३४ मिळवले की एकूण २१०. माझ्या त्या पहिल्या बीआरएममधली दुप्पट शक्ती ती हीच.

‘जाताना मदत, येताना अडथळा, म्हणजे शेवटी सारखंच’ हे गणितात बसत नाही. २५ चा वेग दोन्हीकडे धरला तर पाठीच्या वाऱ्यात हवेसाठी ११ वॅट लागतात आणि समोरच्या वाऱ्यात १७६. सरासरी ९४, वाऱ्याविना ६९.

म्हणून वाऱ्यात वेग धरू नका, दम धरा. १०३ वॅट कायम ठेवले तर मी समोरच्या वाऱ्यात १७ ने जाईन आणि पाठीच्या वाऱ्यात ३४ ने. शंभर किलोमीटर तिकडे, शंभर इकडे, मिळून सुमारे पावणेनऊ तास. वाऱ्याविना हे आठ तासांत झालं असतं. पाऊण तास गेला खरा, पण साडेतेरा तासांच्या मुदतीत त्याने काहीच बिघडत नाही आणि पाय शाबूत राहतात. काट्यावर १७ दिसला की मन खट्टू होतं, हे मी जाणतो. निघण्यापूर्वीच तो आकडा कागदावर लिहून हँडलला चिकटवून ठेवतो, म्हणजे रस्त्यात वाद होत नाही.

अंदाजातला वारा घेताना एक ध्यानात ठेवा. वेधशाळेचा आकडा दहा मीटर उंचीवरचा असतो. झाडं-घरं असलेल्या रस्त्यावर, आपल्या छातीच्या उंचीला, वारा त्याहून बराच कमी असतो.

८. कारसाठी हाच हिशेब

कार मोकळी सोडून मोजणी करू नका. महामार्गावर वेग सोडत जाणारी गाडी मागच्यासाठी धोका असते, आणि इंजिन बंद केलं तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते. इथे अंदाजाने सीडीए काढा. आरसे सोडून रुंदी, गुणिले उंची, गुणिले ०.८३. हॅचबॅक १.७ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असेल तर समोरचं क्षेत्रफळ सुमारे २.१ चौरस मीटर. आकाराचा गुणांक ०.३३ धरला तर सीडीए ०.७० येतो. नुसता गुणांक बघून गाड्यांची तुलना करू नका. उंच एसयूव्हीचा गुणांक ०.३५ असला तरी क्षेत्रफळ २.७ असल्याने सीडीए ०.९५ होतो, म्हणजे हॅचबॅकपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त.

समृद्धी महामार्ग उदाहरणाला घेऊ. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, सपाट भागात कारला १२० ची मर्यादा. गाडी ११५० किलोची, टायरचा रोध १२४ न्यूटन, हवेची घनता १.१. ८० वर हवेसाठी ४.२ किलोवॅट लागतात, १०० वर ८.३ आणि १२० वर १४.३. टायरसाठी अनुक्रमे २.८, ३.४ आणि ४.१. सायकलला ताशी २० च्या आत जे घडतं, म्हणजे हवा टायरच्या पुढे जाते, ते कारला साठ-पासष्टच्या आसपास घडतं. म्हणून शहरात हवेचा विचार करावा लागत नाही आणि महामार्गावर दुसरा कसलाच पुरत नाही.

काट्यावरचा वेग इथे थोडा कमी करून घ्या. कारचे स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. कारच्या स्थिर वेगासाठी जीपीएस चांगला.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर हिशेब सरळ लागतो, कारण तिची मोटर वेगाप्रमाणे फारशी लहरी वागत नाही. १०० वर चाकांना दर शंभर किलोमीटरला ११.७ युनिट लागतात, १२० वर १५.३. बॅटरीतून चाकापर्यंत सुमारे ८७ टक्के पोहोचतात असं धरलं आणि वापरता येण्याजोगी ३० युनिटची बॅटरी घेतली, तर १०० वर गाडी २२० किलोमीटरच्या आसपास जाईल आणि १२० वर १७०. एसीचा खर्च वेगळा. सगळा रस्ता त्या वेगाने कापता आला असं समजलं, तर १०० ने सात तास लागतात आणि १२० ने पाच तास पन्नास मिनिटं, म्हणजे सत्तर मिनिटांचा फरक. पूर्ण भरलेल्या बॅटरीने निघालात तर १०० वर वाटेत तीनदा चार्ज करावं लागेल आणि १२० वर चारदा. त्या जास्तीच्या एका थांब्याला, रांगेसकट, किती वेळ जाईल तो धरून मगच काटा कुठे ठेवायचा ते ठरवा.